फुलबाजी, नागगोळी आणि दुसरीचा वर्ग

पालकांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज: "शाळेत 'सगळ्यांची दिवाळी' शिकवतात म्हणजे सणातला धर्मच काढून टाकतात. वर फटाक्यांची भीती घालतात. लहान मुलांना फुलबाजी, नागगोळी बिनधास्त द्या, आवाज नाही म्हणजे धोका नाही. भाजलंच तर टूथपेस्ट लावा."

धर्म काढत नाही हो. नरकासुर, लक्ष्मीपूजन, बळीराजा हे सगळं येतंच. त्यात भर पडते. वर्गात जैन मुलं असतात, त्यांच्या घरी त्याच अमावस्येला महावीरांचा निर्वाण दिवस असतो. शिखांच्या घरी गुरू हरगोबिंद ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटल्याची आठवण असते. बाकीच्यांना "दिवाळीत काय केलं?" असं न विचारता मी "तुमच्या घरी दिवा किंवा मेणबत्ती कधी लावतात?" असं विचारते. मग नाताळवालंही बोलतं, ईदवालंही. किल्ला करायला तर सोसायटीतली सगळीच पोरं मातीत हात घालतात.

आता फुलबाजी. चहाचं पाणी 100 अंशांना उकळतं, फुलबाजीचं टोक 1000 अंशांच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापलेलं असतं. ठिणग्या संपल्या की पोरांना वाटतं, विझली. तार तशीच तापलेली असते, पण लाली गेल्यावर ते दिसत नाही. म्हणून वर्गात न पेटवलेल्या फुलबाजीने तालीम करून घेते. हात लांब, एका वेळी एकच, टोक कुणाच्या तोंडाकडे नाही, आणि संपली की जळकं टोक खाली करून पाण्याच्या बादलीत. तालमीत एकाने ती हळूच जमिनीवर ठेवली. मागून येणाऱ्या मुलीचा पाय बरोबर तिच्यावर पडला. खरी असती तर अनवाणी तळवा भाजला असता. म्हणूनच पायात चप्पल-बूट, अंगात सुती कपडे (नायलॉन वितळून कातडीला चिकटतं) आणि शेजारी मोठं माणूस. गठ्ठा एकदम पेटवायचा नाही, त्याचा एकदम भडका होतो.

नागगोळीचा प्रश्न वेगळा आहे. 2016 साली पुण्याच्याच चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मुलांच्या आवडीचे सहा फटाके तपासले. त्यांत सर्वात जास्त सूक्ष्म धूलिकण नागगोळीने सोडले, हजाराच्या माळेपेक्षाही जास्त. आणि पोरं ती बघतात कशी? उकिडवं बसून, नाक धुरात.

टूथपेस्ट मात्र अजिबात नको. हळद, तूप, बर्फही नको. लेपामुळे जखम नीट दिसत नाही आणि डॉक्टरांना तो आधी काढावा लागतो. भाजलेला भाग लगेच नळाखाली धरायचा, 20 मिनिटं, घड्याळ लावून. बांगडी, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढायचं. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही. नंतर स्वच्छ फडक्याने सैल झाकायचं. मुलाला फोड आला, किंवा चेहरा, हात-पाय भाजले, तर डॉक्टर गाठायचा. डोळ्यात ठिणगी गेली तर चोळू न देता सरळ नेत्रतज्ज्ञांकडे.