‘एकच टेम्प्लेट पुरे’ हे माझंच चुकलं

*प्रतिक्रिया: तुमचा लेख वाचून दोन महिने एकच टेम्प्लेट, दोनच रंग, एकच फॉन्ट वापरला. माझा वह्यांचा छोटा ब्रँड आहे. आता नवीन वही आली तरी जुनीच पोस्ट वाटते, लोक थांबतच नाहीत. आणि एवढं करूनही फोटो एकमेकांशेजारी विजोड दिसतात. हे सातत्य वगैरे मोठ्या ब्रँडचे चोचले आहेत.*

नमस्कार. छोट्या ब्रँडने इन्स्टाग्रामवर दिसण्यात सातत्य कसं ठेवावं, त्या लेखातलं ‘एकच टेम्प्लेट पुरे’ हे वाक्य माझंच आहे आणि ते घाईत लिहिलं होतं. लेखात दुरुस्ती करतोय. चोचल्यांचं मात्र पटत नाही. का, ते तुमच्याच फीडवरून सांगतो.

तुमच्या शेवटच्या नऊ पोस्ट फोनवर उघडल्या आणि डोळे किलकिले करून पाहिल्या. अक्षरं पुसट झाली की उरतो तो फक्त आकार आणि रंग. नऊही ठिकाणी मस्टर्ड पिवळा चौकोन आणि मधोमध गोल फोटो. नवीन वही कुठली, कागदाबद्दलची माहिती कुठली, ग्राहकाचा अभिप्राय कुठला, काही कळत नाही. तुम्ही सांगाडाही गोठवलात आणि वरचा पेहरावही. गोठवायचा तो फक्त सांगाडा.

म्हणजे असं: कडेचा समास सगळीकडे ९० पिक्सेल, शीर्षक नेहमी वर डावीकडे, ब्रँडचं नाव खाली उजवीकडे, फॉन्ट एकच पण वजनं दोन, साधं आणि ठळक. हे हलवायचं नाही. त्यावर तीन टेम्प्लेट करा. नवीन वहीसाठी फोटो कडेपर्यंत, त्यावर फक्त वहीचं नाव. माहितीसाठी फिकट बदामी पार्श्वभूमी आणि मजकूर. अभिप्रायासाठी गडद निळी पार्श्वभूमी आणि दोन-तीन ओळी. महिन्याभरात पाहणाऱ्याला निळं दिसलं की कुणीतरी बोलतंय हे न वाचताच कळू लागतं.

रंग दोनच असल्याचा दोष नाही, दोघांना कामं वाटून दिली नाहीत हा आहे. तुमचा मस्टर्ड (#E0A526) पार्श्वभूमी म्हणून सगळी जागा खातो आणि त्यावर पांढरी अक्षरं. त्यांचा कॉन्ट्रास्ट भरतो साधारण २.२ : १. वाचनीयतेच्या WCAG निकषात साध्या मजकुराला किमान ४.५ : १ लागतो, मोठ्या अक्षरांना ३ : १. लोक थांबत नाहीत त्याचं निदान एक कारण हे असावं, उन्हात तर ती अक्षरं मलाही दिसली नाहीत. त्याच मस्टर्डवर गडद निळा (#1F2A44) ठेवा, ६.५ च्या आसपास जातो. आणि मस्टर्डला पट्टी, अधोरेषा, ‘नवीन’चा शिक्का एवढंच काम द्या. थोडा दिसला की जास्त लक्षात राहतो.

आता विजोड फोटो. इथे टेम्प्लेटचा काही संबंधच नाही. तुमचे चार फोटो खिडकीच्या उजेडात काढलेत, पाच रात्री घरातल्या पिवळ्या दिव्याखाली. त्या दिव्याचा उजेड साधारण २७०० केल्विन, म्हणजे पिवळट, दिवसाचा ५५०० च्या पुढेमागे, म्हणजे पांढरा. त्यामुळे तोच पांढरा कागद एकीकडे पांढरा आणि दुसरीकडे तुपकट दिसतो. फिल्टर लावून हे लपत नाही, उलट पिवळ्यावर आणखी एक थर चढतो. एक खिडकी, एक वेळ ठरवा, खोलीतला दिवा बंद करा, आणि एकाच दिवशी आठ-दहा फोटो काढून ठेवा. जुन्या फोटोंत वहीच्या कोऱ्या पानावर व्हाइट बॅलन्स लावून पाहा, म्हणजे ते पान पांढरं धरून बाकीचे रंग जुळतील. बरेचसे सुधारतील. अर्धा खिडकीचा, अर्धा दिव्याचा उजेड पडलाय तो एक फोटो मात्र सोडून द्या.

फॉन्टचं थोडक्यात. मुक्ता चांगला आहे, बदलू नका. पण शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून तुम्ही अक्षरांतलं अंतर वाढवलंय, त्याने शिरोरेषा तुटली आहे. रोमन लिपीत शोभणारी ही सवय देवनागरीत चालत नाही, अंतर शून्यावर आणा. ओळींमधलं अंतर १.२ आहे, त्यामुळे वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. १.५ करून बघा. मजकूर १०८० रुंदीच्या पोस्टवर ३४ पिक्सेलचा आहे. फोनवर तो जवळपास एक तृतीयांश होतो, म्हणून ४४ च्या खाली जाऊ नका. मजकूर मावला नाही तर शब्द कापा, अक्षर नको.

एक राहिलंच. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवर आता ३ : ४ च्या चौकटी दिसतात, त्यामुळे १०८० × १३५० ची पोस्ट दोन्ही बाजूंनी सुमारे ३४ पिक्सेल कापली जाते. तुमचा ‘नवीन’चा शिक्का कडेपासून २० वर आहे, म्हणून तिथे ‘वीन’ वाचायला मिळतं. ९० चा समास पाळलात की हे आपोआप सुटेल. जुन्या पोस्ट पुसू नका, तेवढे तीन-चार शिक्के दुरुस्त करायला पोस्ट नव्याने टाकायचीही गरज नाही. नव्या नऊ पोस्ट वर आल्या की त्या खाली सरकतीलच.