गूळ पावडरच्या बरणीवरचा नवा लोगो: एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ग्राहकाचा रिव्ह्यू: "एक स्टार. गूळ पावडरच्या बरणीच्या जुन्या फोटोवर फक्त लोगो बदलून पाहिजे होता. अक्षरं कडेला चेपल्यासारखी झाली आहेत, उजवी बाजू मळकी दिसते, डावीकडं अक्षरांवर पांढरा पट्टा आहे आणि आम्ही दिलेला मरून रंग कुठंच जुळत नाही. मोबाईलवर पाच मिनिटांत होणाऱ्या कामाला दोन दिवस लावले."

नमस्कार साहेब. तुम्ही चार गोष्टी नेमक्या दाखवल्यात, त्यामुळं उत्तरही नेमकं देता येतं.

आधी चेपलेली अक्षरं. तुमची बरणी 8 सेंटिमीटर व्यासाची आहे आणि नवा लोगो लेबलवर 6 सेंटिमीटर रुंद छापायचा आहे. सपाट कागदावरचे हे 6 सेंटिमीटर गोल बरणीला गुंडाळले की समोरून साधारण 5.45 सेंटिमीटरच दिसतात, कारण कडेचा भाग आपल्यापासून मागं वळतो. ही घट सगळीकडं सारखी नसते. लोगोचे दीड-दीड सेंटिमीटरचे चार उभे भाग केले, तर मधले दोन जवळपास 1.47 दिसतात आणि कडेचे दोन 1.26. म्हणजे पहिलं आणि शेवटचं अक्षर मधल्यांपेक्षा अरुंद दिसायलाच हवं. मोबाईलच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये लोगोला नुसता बाक देता येतो, अक्षरांची रुंदी मात्र तशीच राहते. मग लोगो बरणीवर छापलेला न वाटता समोर धरलेल्या वाकड्या पट्टीसारखा वाटतो.

बाकाचंही एक माप असतं. हा फोटो बरणीपेक्षा थोड्या उंचीवरून काढलेला आहे, म्हणून लेबलच्या आडव्या रेषा मध्यभागी खाली झुकतात आणि खालची रेषा वरच्यापेक्षा जास्त झुकते. लोगोच्या रुंदीएवढ्या भागात मोजलं तर लेबलची वरची कड 14 पिक्सेल झुकते, खालची 26. तुमच्या नावाची शिरोरेखा लेबलच्या उंचीत वरून पाव भागावर येते, तिला 17 पिक्सेल झोक दिलाय. खालची कन्नड ओळ पाऊण भागावर आहे, तिला 23. दोन्ही ओळींना एकच झोक दिला असता तर मराठी ओळीत तो लगेच खटकला असता, कारण शिरोरेखा ही लांब, अखंड आडवी रेषा आहे आणि ती लेबलच्या कडेशी समांतर नसली तर नजर तिथंच अडते. कन्नड अक्षरांना अशी सलग रेषा नसल्यामुळं तिथं थोडाफार फरक खपून जातो.

वेळ सगळ्यात जास्त गेला तो जुना लोगो काढण्यात. तो नुसता पुसून चालत नाही. त्याच्याखालच्या कोऱ्या कागदावर उजेड कसा पडला असता, ते परत उभं करावं लागतं. फोटोशॉपला आपोआप भरायला सांगितलं तर आजूबाजूचे तुकडे जोडून तो जागा भरतो आणि गोल भागावर ढगासारखे डाग उमटतात. आम्ही दुसरा मार्ग धरला. उभ्या गोल बरणीवर उजेड-सावली मुख्यतः डावीकडून उजवीकडं बदलते, वरून खाली फारशी बदलत नाही. म्हणून जुन्या लोगोच्या वरची कोरी पातळ पट्टी घेऊन ती सरळ खाली ताणली, तशीच खालची पट्टी वर ताणली आणि मध्ये दोन्ही एकमेकांत हळूहळू मिसळल्या. ताणल्यामुळं फोटोतले बारीक दाणे उभ्या रेषांसारखे ओढले जातात. ते आधी थोडं धूसर करून काढले आणि मूळ फोटोइतकेच नवे दाणे वर टाकले. हे राहून गेलं तर लहान फोटोत काही कळत नाही, पण गिऱ्हाईकानं मोठा करून पाहिला की लोगोमागचा कागद प्लास्टिकसारखा गुळगुळीत दिसतो.

आता रंग. तुमच्या लोगोचा मरून फाइलमध्ये लाल 138, हिरवा 28, निळा 43 असा आहे. पण फोटोतला उजेड पिवळसर आहे. उजेडातला कोरा कागदसुद्धा 255, 255, 255 नसून 244, 236, 220 आहे. त्या कागदावर तुमचा मरून छापला तर तो 132, 26, 37 दिसणार. उजव्या कडेला कागदच 171, 160, 144 पर्यंत उतरलाय, तिथं मरून 93, 18, 24 होतो. लाल, हिरवा, निळा असा प्रत्येक आकडा कागदाच्या आकड्यानं गुणून 255 नं भागायचा, एवढाच हिशोब आहे, आणि Multiply हा मोड तेच करतो. उजवी बाजू तुम्हाला मळकी वाटते ती यामुळं. बोटानं लोगो झाकून शेजारचा क्रीम कागद पाहा, तोही तितकाच काळवंडलेला आहे, कारण दिवा डावीकडं होता. एकटा लोगो उजळ ठेवला असता तर तो वरून डकवलेल्या स्टिकरसारखा उठून दिसला असता.

लोगोमधली पांढरी अक्षरं मात्र या मोडवर सोडता येत नाहीत. अख्खा लोगो Multiply वर ठेवला तर पांढरं नाहीसं होतं आणि खाली जे असेल ते दिसतं. म्हणून लोगो साध्या मोडमध्ये ठेवला, कोऱ्या केलेल्या लेबलवरून उजेड-सावलीचा वेगळा थर तयार केला आणि तो लोगोपुरता वर Multiply नं बसवला. त्यामुळं पांढरी अक्षरंही कागदाच्याच रंगाची दिसतात.

डावीकडचा पट्टा ही दिव्याची चमक आहे. तुमच्या लेबलवर चकचकीत लॅमिनेशन आहे, म्हणजे चमक शाईच्या वरच्या थरावर पडते आणि ती अक्षरांवरून जायलाच हवी. ती खालचं सगळं उजळवणाऱ्या Screen मोडच्या वेगळ्या थरात आहे. लोगोपाशी चमक तोडली तर वर-खाली पट्टा आणि मध्ये तो गायब, असं होतं. बनावट फोटो ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच. लेबल मॅट असतं तर हा थर आम्ही फिका ठेवला असता.

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल: बरणी चकचकीत अ‍ॅक्रिलिकवर ठेवलेली होती आणि खालच्या प्रतिबिंबात जुन्या लोगोची खालची कड उलटी दिसत होती. तीही बदललीय.

तुम्ही पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून लहान होऊन आला होता, म्हणून नवा लोगो त्यात जास्तच धारदार दिसत होता. त्याला 0.7 पिक्सेलची धूसरता देऊन शेजारच्या वजनाच्या आकड्यांइतकं मऊ केलंय. मूळ फोटो कॅमेऱ्यातून आला तसा, डॉक्युमेंट म्हणून पाठवलात तर हेच काम त्यावर जास्त स्वच्छ बसेल. झाकणावर उठावात असलेला जुना लोगो आम्ही हात न लावता ठेवलाय. उठावाला स्वतःची सावली असते आणि ती कोऱ्या झाकणावरून उसनी घेता येत नाही. नवी झाकणं आली की तेवढा फोटो पुन्हा काढणं स्वस्त पडेल.

उजवी बाजू तरीही उजळ हवी असेल तर पूर्ण बरणीच उजळूया, लेबल आणि लोगो एकत्र. थरांची फाइल जपून ठेवलीय, त्यामुळं हा बदल तुमच्यासमोर बसून करता येईल. येताना छापलेलं नवं लेबल बरोबर आणा. मरून रंग स्क्रीनवर न जुळवता त्या कागदावरच, खिडकीजवळच्या उजेडात पाहून ठरवू.