लेखनाचे काम मागताना कोणता नमुना पाठवावा

लेखनाचे काम मागणाऱ्या संदेशात सर्वाधिक मेहनत कशावर घ्यावी, असे मला कोणी विचारले, तर मी नमुन्यांवर, असेच सांगेन. बेळगावात राहून मी मराठी मजकुराची कामे घेतो आणि एकाच वेळी जास्त कामे आली की त्यांतली काही इतर लेखकांना देतो. त्यामुळे असे संदेश मी लिहिलेही आहेत आणि वाचलेही आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून येणाऱ्या संदेशांची भाषा बहुधा चांगली असते आणि लिहिणाऱ्याची तळमळही दिसते. मात्र सोबत जोडलेले लेखन आणि मागितलेले काम यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो, आणि तेवढ्यावरून काम हातचे जाते.

असे का होते, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे लिहिणारा माणूस घडतो तो कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांच्या साहित्य संमेलनांत, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत, दिवाळी अंकांत आणि मंडळांच्या स्मरणिकांत. साहजिकच कविता, ललित लेख आणि व्यक्तिचित्रे हेच लेखन त्याच्या हाताशी असते. ते उत्तम असू शकते, आणि मला त्याविषयी मनापासून आदर आहे. परंतु ठिबक सिंचनाचे संच विकणाऱ्या कंपनीतील अधिकारी ती कविता वाचून एवढाच निष्कर्ष काढू शकतो की, या माणसाला मराठी चांगले येते. चांगले मराठी येणारे आणखी दहाजण त्याच्याकडे आलेले असतात. त्याला वेगळेच जाणून घ्यायचे असते: फिल्टर कधी धुवायचा, हे हा लेखक अशा रीतीने लिहील का, की शेतकऱ्याने वाचावे आणि कोणालाही न विचारता तसे करावे?

हेच उदाहरण पुढे नेतो. समजा, पुण्यातील एका ठिबक कंपनीला निपाणी, चिकोडी आणि कागवाड तालुक्यांतील ऊस उत्पादकांसाठी संचाच्या देखभालीची सोळा पानी मराठी पुस्तिका हवी आहे. अशा कामासाठी सामान्यतः येणारा संदेश असा असतो: ‘मी मराठी विषयात एम.ए. असून मला लहानपणापासून लेखनाची आवड आहे. माझे अनेक लेख प्रसिद्ध झाले आहेत. कोणत्याही विषयावर लिहिण्याची माझी तयारी आहे. कृपया एक संधी द्यावी.’ खाली वीसेक फायलींच्या फोल्डरचा दुवा असतो. या चारही वाक्यांत पुस्तिकेविषयी अवाक्षर नाही. वीस फायलींपैकी कोणती आधी उघडावी, हे ठरवण्याचे कामही वाचणाऱ्यावरच टाकलेले आहे. आणि तो कामात बुडालेला माणूस बहुधा पहिली फाईल उघडतो, दोन ओळी वाचतो आणि पुढच्या संदेशाकडे वळतो.

त्याच कामासाठी मी पुढीलप्रमाणे लिहीन.

‘सस्नेह नमस्कार. निपाणी, चिकोडी आणि कागवाड तालुक्यांतील ऊस उत्पादकांसाठी ठिबक संचाच्या देखभालीची सोळा पानी पुस्तिका आपल्याला हवी आहे, असे समजले. फिल्टर वेळेवर न धुणे आणि उपनळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ बाहेर न सोडणे, या दोन गोष्टींमुळे पाणी सगळीकडे सारखे पडत नाही, अशी तक्रार मी या भागातील शेतकऱ्यांकडून ऐकली आहे. म्हणून पुस्तिकेची मांडणी संचाच्या भागांनुसार न करता, लागणीपासून खोडव्यापर्यंत कोणत्या वेळी काय करायचे, या क्रमाने करावी, असे सुचवतो. सोबत तीन नमुने जोडले आहेत. पहिला एका सहकारी सोसायटीसाठी लिहिलेले पीककर्जाचे माहितीपत्रक. त्यातील अर्ज भरण्याच्या पायऱ्या पाहाव्यात. दुसरा शेतकऱ्यांच्या मुलाखतींवर आधारित वृत्तपत्रीय लेख. त्यावरून या भागातील बोलीशी असलेला माझा परिचय लक्षात येईल. तिसरा “फिल्टर कधी धुवावा” हे पान, जे मी याच पुस्तिकेचा विचार करून लिहिले आहे. आपल्या तंत्रज्ञांशी एक बैठक, लेखन आणि दोन वेळा दुरुस्त्या धरून मानधन १५,००० रुपये होईल. काम निश्चित झाल्यापासून तीन आठवड्यांत पहिला मसुदा देईन. या आठवड्यात आपल्या सोयीने फोनवर बोलता येईल का?’

या संदेशात लेखकाची पदवी नाही, आवड नाही आणि विनवणीही नाही. पहिल्या वाक्यात ग्राहकाचे काम आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्यात त्या कामाविषयीचा एक विचार आहे. कंपनीला तो विचार पटेल किंवा पटणार नाही. परंतु समोरचा माणूस विषयात शिरला आहे, हे तिला कळते. हे दुसरे वाक्य खोटे लिहिता येत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. शेतकऱ्यांशी बोलला नसाल, तर आधी जाऊन बोला. निपाणीच्या आसपास ज्याच्या शेतात संच आहे, अशा दोघा-तिघांबरोबर तासभर बसले, तरी लिहिण्यासारखे पुष्कळ मिळते, आणि पुण्यात बसलेल्या लेखकाला जे सहज जमणार नाही, ते येथे आपल्याला जवळच उपलब्ध आहे.

आता नमुन्यांकडे येतो. तीन पुरेत. प्रत्येकापुढे, त्यात काय पाहावे, हे एका वाक्यात लिहावे; कारण पीककर्जाचे माहितीपत्रक आणि ठिबकची पुस्तिका यांचा संबंध वाचणाऱ्याला आपोआप दिसत नाही. दोन्हींत वाचकाकडून काही कृती क्रमाने करून घ्यायची असते, हे साम्य लेखकानेच दाखवून द्यावे लागते. पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, सोसायटीची सूचनापत्रके, शाळेची माहितीपुस्तिका असे लेखन आपल्याकडील अनेकांनी केलेले असते, पण त्याला लेखन मानले जात नाही म्हणून ते कधीच पुढे केले जात नाही. व्यावसायिक कामासाठी मी ते ललित लेखापेक्षा वर ठेवीन.

तिसरा नमुना सर्वांत महत्त्वाचा आहे. तो छापलेला नसतो, कोणी मागितलेला नसतो आणि केवळ त्या एका कामासाठी लिहिलेला असतो. त्यातील एक परिच्छेद साधारण असा असेल:

‘फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन दाबमापक असतात. मोटार सुरू करून पाण्याचा दाब स्थिर झाला की दोन्ही काटे पाहा. फिल्टर नुकताच धुतलेला असताना दोन्हींत किती फरक आहे, ते या पुस्तिकेच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. पुढे हा फरक वाढत गेला, तर फिल्टरमध्ये गाळ साचत आहे. फरक ______ इतका झाला की पाणी उलट फिरवून फिल्टर धुवा.’

रिकामी जागा मी मुद्दाम ठेवली आहे. तो आकडा फिल्टरच्या प्रकारावर अवलंबून असतो आणि तो कंपनीच्या तंत्रज्ञानेच भरावा. इंटरनेटवरून एखादा आकडा उचलून तेथे बसवला आणि तो त्यांच्या फिल्टरला लागू नसला, तर तंत्रज्ञ सर्वांत आधी तोच आकडा पाहील आणि उरलेल्या मजकुरावरचाही त्याचा विश्वास उडेल. जागा रिकामी ठेवून ‘येथे आपल्या तंत्रज्ञांनी आकडा द्यावा’ अशी टीप लिहिली, तर कोणती गोष्ट विचारून लिहायची, हे या लेखकाला कळते, असा त्याचा अर्थ होतो.

मात्र असा नमुना एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नये. एका कंपनीने ‘चाचणी’ या नावाखाली माझ्या एका परिचिताकडून संपूर्ण प्रकरण लिहून घेतले, काम दिले नाही, आणि पुढे तोच मजकूर थोड्या फरकाने छापून आला. त्याचे त्याला फार वाईट वाटले आणि मलाही वाटले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिणारा लेखक हा आपल्या लेखनाचा पहिला मालक असतो आणि ते हक्क दुसऱ्याला द्यायचे, तर ते लेखी द्यावे लागतात. त्यामुळे नमुन्याच्या तळाशी ‘हे पान केवळ वाचनासाठी पाठवले असून काम निश्चित होईपर्यंत त्याचे हक्क लेखकाकडे आहेत’ हे वाक्य अवश्य असावे. ग्राहकाने त्याहून मोठी चाचणी मागितली, तर तिचे मानधन नम्रपणे सांगावे. हाच न्याय उलट बाजूनेही पाळायला हवा: दुसऱ्याच्या नावाने लिहून दिलेले भाषण किंवा जुन्या ग्राहकाचा न छापलेला अहवाल त्याच्या परवानगीशिवाय नमुना म्हणून पाठवू नये. तसे करणाऱ्या लेखकाला मी काम देत नाही, कारण उद्या माझाही मजकूर असाच फिरेल.

नमुना पोचण्यातही अडचणी येतात. आपल्याकडे छापखान्यांत आणि डीटीपी केंद्रांत बराच मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप झालेला असतो. ती फाईल जशीच्या तशी पाठवली आणि समोरच्याकडे तो फाँट नसला, तर त्याला निरर्थक अक्षरांची रांग दिसते. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा आणि पाठवताना पीडीएफ करून पाठवावा. ड्राइव्हचा दुवा देणार असाल, तर परवानगी Anyone with the link अशी आहे ना, ते दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर उघडून पाहावे; परवानगी मागणारी पाटी दिसली की बहुतेक लोक तेथूनच परत फिरतात. वृत्तपत्रातील लेखाचा फोटो काढताना लेखकाचे नाव, अंकाची तारीख आणि वृत्तपत्राचे नाव चौकटीत यायला हवे, आणि फायलीचे नाव ‘नवीन फायनल २’ असे न ठेवता ‘पीककर्ज माहितीपत्रक’ असे ठेवावे.

मानधनाविषयी थोडक्यात. पुस्तिकेसाठी शब्दाचा दर सांगणे मला योग्य वाटत नाही. सोळा पानांत चित्रे धरून जेमतेम तीन हजार शब्द असतील, पण तंत्रज्ञांशी बैठक, शेतावरची फेरी आणि दुरुस्त्या यांचा वेळ त्या शब्दांत कोठेच मोजला जात नाही. एकरकमी आकडा सांगावा, त्यात काय काय आले ते लिहावे आणि तिसऱ्या दुरुस्तीपासून वेगळे मानधन राहील, हे काम ठरतानाच स्पष्ट करावे. आगाऊ रक्कम मागण्याची योग्य वेळ पहिल्या संदेशाची नसते. ग्राहकाने होकार दिल्यानंतर, काम सुरू करण्यापूर्वी ती मागावी.

आठवडाभर उत्तर आले नाही, तर एकदा आठवण करावी. त्या संदेशात ‘माझा संदेश पाहिलात का’ एवढेच न विचारता कामाला उपयोगी असे काही असावे, उदाहरणार्थ, ‘शेतकऱ्यांशी पुन्हा बोलणे झाले, उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खाली गेल्यावर गाळ वाढतो, असे तिघांनीही सांगितले, म्हणून त्या काळासाठी वेगळे पान असावे असे वाटते.’ त्यानंतरही उत्तर आले नाही, तर तो विषय थांबवावा आणि तिसरा नमुना बाजूला जपून ठेवावा, कारण ठिबकच्या कंपन्या आणखीही आहेत आणि ऊस तर या तीनही तालुक्यांत दरवर्षी लागणारच आहे.