काम रखडले म्हणून जमीन आपोआप परत येत नाही

“बिल्डरने मुदतीत इमारत पूर्ण केली नाही, तर विकसन करार आपोआप रद्द होतो आणि जमीन मोकळी होऊन मालकाकडे परत येते.”

सध्या फिरत असलेला हा संदेश चुकीचा आहे. विकसन करारात मालक आपली जमीन बिल्डरला बांधकामासाठी देतो आणि बदल्यात, उदाहरणार्थ, विक्रीच्या रकमेत वाटा घेतो. असे करारनामे तपासण्याचे काम मी करतो. त्यांत मुदत बहुधा सहीच्या तारखेपासून नव्हे, तर बांधकाम परवानगी मिळाल्यापासून मोजलेली असते. समजा, विक्रीच्या रकमेत मालकाचा वाटा 40 टक्के, मुदत परवानगीपासून 30 महिने आणि परवानगी मिळायलाच 14 महिने लागले. तर सहीनंतर 44 महिने होईपर्यंत बिल्डरने मुदत मोडली असे म्हणताच येत नाही. (म्हणूनच परवानगी आणण्यालाही कमाल मुदत घातलेली असावी; नेमके हेच कलम अनेकदा सुटते.)

मुदत उलटल्यावरही करारात असेल त्याप्रमाणे लेखी नोटीस आणि चूक सुधारण्यासाठी, समजा, 90 दिवस द्यावे लागतात. तोपर्यंत 40 पैकी 12 सदनिकांची नोंदणीकृत विक्री झाली असेल, तर करार रद्द झाल्याने त्या खरेदीदारांचे हक्क संपत नाहीत, आणि त्यांच्या पैशांतून आपला 40 टक्के वाटा घेतलेल्या मालकाला त्यांच्याकडे पाठ फिरवणे कठीण जाते. बिल्डरला दिलेले कुलमुखत्यारपत्र आणि जमिनीवर काढलेले कर्ज यांचा निकालही वेगळा लावावा लागतो.

कृपया हा संदेश पुढे पाठवू नये आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा कळवावा.