ई-इनव्हॉइस: पाच कोटींची रेषा ओलांडली हे नोटीस आल्यावर कळू नये

ई-इनव्हॉइस पोर्टलवर बिल चढवलं की त्याला एक नंबर मिळतो, तो आयआरएन. तो नसलेल्या बिलांबद्दल जीएसटीची नोटीस आली की बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य एकच असतं, "पण आमची उलाढाल पाच कोटींच्या आतच आहे की!" ते खोटं बोलत नसतात. त्यांच्या नफा-तोटा पत्रकात आकडा खरोखरच पाच कोटींच्या आत असतो. पण ई-इनव्हॉइससाठी कायदा जी उलाढाल मोजतो ती वेगळी असते, आणि ती नेमकी कशी मोजायची हे सांगणारं माणूस छोट्या कारखानदाराजवळ अनेकदा नसतं. सोलापूरच्या धंद्याची ठेवणच अशी आहे की हा घोळ इथे सहज होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं तेव्हा ते ५०० कोटींवरच्या कंपन्यांपुरतं होतं. मग मर्यादा १००, ५०, २०, १० अशी उतरत गेली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती पाच कोटींवर आली. मर्यादा खाली आली हे पुष्कळांना माहीत आहे. त्याच अधिसूचनेतला दुसरा भाग मात्र वाचायचा राहून जातो: २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही मागील आर्थिक वर्षात उलाढाल मर्यादेच्या वर गेली असेल, तर ई-इनव्हॉइस लागू. फक्त गेल्या वर्षाचा हिशेब इथे चालत नाही. २०२१-२२ मध्ये सुताचे भाव चढले, त्यामुळे मालाचे दरही चढले. त्या एका वर्षात एखादा टॉवेलवाला सव्वापाच कोटींवर गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा साडेतीन कोटींवर आला, तरी १ ऑगस्ट २०२३ पासून त्याच्या प्रत्येक बी-टू-बी बिलाला आयआरएन हवाच. उलाढाल उतरली म्हणून यातून सुटका नाही.

इथे आणखी एक फसगत होते. तिमाही रिटर्नची सवलत पाच कोटींच्या आत असलेल्यांना मिळते आणि तिथे मागचं आणि चालू वर्ष बघतात. त्यामुळे उलाढाल खाली आली की तिमाही रिटर्न पुन्हा भरता येतं. व्यापाऱ्याला वाटतं, पोर्टलच आपल्याला छोटा करदाता समजतंय, मग ई-इनव्हॉइस कशाला? दोन्हीकडे आकडा पाच कोटींचाच, पण मोजायची वर्षं वेगळी.

आता मोजणी. एक नमुन्याचा हिशेब मांडतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, मालक एकटा, म्हणजे पॅन त्याचा स्वतःचा. हैदराबादला एक डेपो, त्याचा तेलंगणाचा वेगळा जीएसटी नंबर. वर्ष २०२३-२४. सोलापुरातून थेट विक्री ३ कोटी २० लाख, डेपोतून विक्री ९० लाख, दुसऱ्यांचं विणून दिल्याची मजुरी ८ लाख. मालकाच्या डोक्यातली उलाढाल ४ कोटी १८ लाख. रेषेपासून बरंच लांब.

पण सोलापुरातून हैदराबादच्या डेपोला जो ७८ लाखांचा माल गेला, तो वेगळ्या राज्यातल्या वेगळ्या जीएसटी नंबरला गेला. जीएसटीच्या नजरेत तो पुरवठा आहे आणि तो उलाढालीत धरला जातो. तोच माल डेपोतून विकला गेला तेव्हा तो पुन्हा मोजला गेला. म्हणजे झाले ४ कोटी ९६ लाख. शिवाय मालकाच्या स्वतःच्या नावावर घरं आहेत, ती राहण्यासाठी भाड्याने दिलेली, वर्षाचं भाडं ६ लाख. त्या भाड्यावर कर नाही, पण करमाफ पुरवठाही एकूण उलाढालीत येतो, आणि पॅन तोच. बेरीज ५ कोटी २ लाख. १ एप्रिल २०२४ पासून ई-इनव्हॉइस लागू, सोलापूरच्या नंबरला आणि हैदराबादच्याही. डेपोला माल पाठवतानाच्या बिलालासुद्धा आयआरएन लागतो. उलट, बिलांवर लावलेला जीएसटी आणि रिव्हर्स चार्जखाली आपण भरलेली आवक यात धरायची नाही. ती धरून उगाच घाबरलेलेही असतात.

तपासायचं कसं? जीएसटी पोर्टलच्या डॅशबोर्डवर वार्षिक एकूण उलाढालीचा चौकोन आहे. त्यात पॅनवरची बेरीज मिळते, पण जुनी सगळी वर्षं तिथे हाती लागत नाहीत. त्यासाठी २०१७-१८ पासूनची जीएसटीआर-९ काढून प्रत्येकातला ५एन हा रकाना बघा आणि एकाच पॅनवर दोन जीएसटी नंबर असतील तर दोन्हींची बेरीज करा. सोपी खूण हवी असेल तर ही घ्या: २०२०-२१ पासूनच्या कुठल्याही वर्षासाठी जीएसटीआर-९सी भरावं लागलं असेल, तर तेही पाच कोटींवरच्यांनाच लागतं. ९सी भरलंय आणि ई-इनव्हॉइस नाही, असं असेल तर आजच कर सल्लागाराला गाठा.

einvoice1.gst.gov.in वर `e-Invoice Status of Taxpayer` मध्ये जीएसटी नंबर टाकला की तो नंबर ई-इनव्हॉइससाठी चालू आहे की नाही ते दिसतं. पण ती यादी रिटर्नमधल्या आकड्यांवरून आपोआप बनते. तिथे नाव नाही म्हणून जबाबदारी टळत नाही आणि नाव आहे म्हणून ती लागूच आहे असंही नाही. नाव नसेल आणि मोजणी वर जात असेल, तर त्याच पोर्टलवर `e-Invoice Enablement` मधून स्वतः नोंद करता येते. हीच तपासणी तुमचा खरेदीदारही करतो. मोठ्या खरेदीदारांचे अकाउंटंट आता पेमेंट सोडण्याआधी हे बघतात.

नोटीस येते कुठून? जीएसटीआर-१ मध्ये ई-इनव्हॉइसमधून आलेल्या बिलासमोर आयआरएन आपोआप येतो. हाताने भरलेल्या बिलासमोर तो रकाना रिकामा असतो. विभागाकडे उलाढाल आहे आणि रिकामे रकानेही आहेत. दोन्ही शेजारी ठेवले की यादी तयार.

नियम ४८(५) सांगतो की ज्याला ई-इनव्हॉइस लागू आहे त्याने दुसऱ्या पद्धतीने काढलेलं बिल, बिल मानलं जाणार नाही. तिथून पुढे कलम १२२ येतं: बिलाशिवाय पुरवठा, दंड दहा हजार किंवा बुडवलेला कर, यांपैकी जास्त असेल तो. केंद्राचे दहा आणि राज्याचे दहा, मिळून वीस हजार. आपल्या उदाहरणातल्या सोलापूरच्या नंबरवर वर्षाला २६४ बिलं असतील आणि नोटीस बिलागणिक दंड मोजत असेल, तर आकडा होतो ५२ लाख ८० हजार. तीच चूक कलम १२५ च्या सामान्य दंडात बसवली, तर केंद्र-राज्य मिळून जास्तीत जास्त ५० हजार. सगळा वाद या दोन आकड्यांमधल्या अंतरात आहे. माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक बिल जीएसटीआर-१ मध्ये आहे, कर ३बी मध्ये भरलेला आहे, सरकारचा एक रुपया बुडालेला नाही, तिथे बिलागणिक दंड लावणं अन्यायाचं आहे. कलम १२६ दंड चुकीच्या गांभीर्याला साजेसा असावा असं म्हणतं. पण त्याच कलमात ठरावीक रकमेच्या दंडाला हे लागू नाही असंही लिहिलंय आणि अधिकारी त्यावर बोट ठेवू शकतात. म्हणून उत्तराची मदार फक्त १२६ वर ठेवू नका. हे प्रकरण १२२ मध्ये बसत नाही, १२५ मध्ये बसतं, हा मुद्दा आधी मांडा.

त्याआधी नोटिशीतली यादी बिलाबिलाने तपासा. रेषा २०२३-२४ मध्ये ओलांडली असेल तर आयआरएन पुढच्या वर्षाच्या पहिल्या दिवसापासून लागतो, ओलांडलेल्या महिन्यापासून नाही. नोंदणी नसलेल्या ग्राहकांची बिलं आणि करमाफ मालाची बिलं यादीत आली असतील तर ती वगळायला सांगा. क्रेडिट नोट, डेबिट नोट आणि निर्यातीची बिलं मात्र ई-इनव्हॉइसखाली येतात, ती वगळता येणार नाहीत.

नोटीस हातात पडली त्या दिवसापासून नवं बिल आयआरएनशिवाय बाहेर जाऊ देऊ नका. क्यूआर कोड नसलेलं बिल घेऊन चार लाखांचे टॉवेल गाडीत निघाले आणि गाडी अडवली, तर पाच टक्क्यांनी वीस हजार कर, आणि कलम १२९ खाली त्याच्या दुप्पट, म्हणजे चाळीस हजार दंड मागितला जाऊ शकतो.

जुन्या बिलांचं काय? १० कोटी आणि त्यावरच्या उलाढालीला १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदत आहे, त्यानंतर पोर्टल बिल घेत नाही. पाच ते दहा कोटींमधल्यांना ही मुदत नाही, जुन्या तारखेचं बिल चढतं. उशिरा आयआरएन काढल्याने चूक पुसली जाते असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, तरी काढावा असंच मी सांगेन, कारण खरेदीदाराचं क्रेडिट त्यावर अडतं आणि उत्तरात दाखवायला दुरुस्ती हातात राहते. बिल चढवताना नंबर, तारीख, रक्कम जशीच्या तशी ठेवा. नवे नंबर देऊन बिलं पुन्हा काढलीत तर खरेदीदाराच्या २बी मधला नंबर जुळणार नाही आणि तुमच्याकडे तीच विक्री दुसऱ्यांदा कराला येईल.

चढवताना अडतं ते बहुतेक दोन जागी. बिल नंबर शून्याने सुरू होत असेल, ००१ सारखा, तर पोर्टल तो घेत नाही. अशा बिलांची वेगळी यादी करून अडचण उत्तरात लिहून द्या. दुसरं, एचएसएन. पाच कोटींवर गेलात की सहा अंकी लागतो, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं बिलावर नुसतं ६३०२ लिहिलेलं असतं. सुती टेरी टॉवेलला ६३०२६० टाका. घाईत चुकीचं बिल चढलं तर ते पोर्टलवर २४ तासांच्या आतच रद्द होतं आणि रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून आधी दोन-चार बिलं चढवून बघा, मग गठ्ठा चढवा.

त्या महिन्यांची जीएसटीआर-१ आधीच भरलेली असल्याने ही बिलं कराला पुन्हा लागत नाहीत. तरी चालू महिन्याचं रिटर्न भरण्याआधी जुन्या तारखेचं एखादं बिल त्यात शिरलंय का ते अकाउंटंटकडून पाहून घ्या, सॉफ्टवेअरमध्ये नोंद उघडून बदलली की असं होतं. मग क्यूआर कोडसह नव्याने छापलेली बिलं खरेदीदारांना पाठवा आणि पोहोच घेऊन ठेवा. ती पोहोच, आयआरएनसह बिलवार तक्ता आणि त्या महिन्यांची ३बी, हे तिन्ही नोटिशीच्या उत्तरासोबत जोडायचं आहे.