बजेटच्या कॅरोसेलमध्ये वर्षाच्या खर्चाची स्लाइड हवीच

भाचीने तिच्या पेजसाठी घरखर्चाच्या बजेटचं कॅरोसेल केलं आणि टाकण्याआधी मला पाठवलं. "मावशी, सात स्लाइड्स आहेत, बघ जरा." गरजा ५० टक्के, हौस ३० टक्के, बचत २० टक्के. एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ सालच्या पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेली ही वाटणी, आणि ती करायची कर वजा जाऊन हातात येणाऱ्या रकमेवर. भाचीने हे सगळं बरोबर लिहिलं होतं.

पाचव्या स्लाइडवर उदाहरण होतं. हातात ६० हजार. त्यातले ३० हजार गरजांना: घरभाडं १४, किराणा-भाजी-दूध ९, वीज-गॅस-फोन ३, प्रवास ४. हौसेला १८ हजार, बचतीला १२ हजार. बेरीज चोख.

मी तिला एकच विचारलं, "शाळेची फी कुठे गेली?"

"ती वर्षातून एकदाच असते ना."

नेमकं इथेच बजेट फसतं, आणि मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण आम्ही स्वतः तीन वर्षं असंच फसलो. दर महिन्याला बचत खात्यात पैसे टाकायचो, आणि फी किंवा विम्याचा हप्ता आला की तिथूनच काढायचो. दोघांनाही वाटायचं, आपला हात सैल आहे. हॉटेलिंगवरून वाद व्हायचे. खरं तर हात सैल नव्हता, हिशेबच अर्धा होता.

मग मी आणि भाचीने मिळून वर्षाचे खर्च मांडले. शाळेची फी ४२ हजार, आरोग्य विमा १८ हजार, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १२ हजार. एकूण ७२ हजार, म्हणजे महिन्याला ६ हजार. हे तिन्ही खर्च टाळता येत नाहीत, म्हणून ते गरजांतच धरायचे. गरजा झाल्या ३६ हजार, म्हणजे ६० टक्के.

आता जुन्या स्लाइडप्रमाणे चाललेल्या घराचं काय होतं बघा. वर्षभरात ते बचतीत १ लाख ४४ हजार टाकतं आणि त्यातलेच ७२ हजार काढतं. उरते निम्मी रक्कम. कागदावर २० टक्के बचत, प्रत्यक्षात १०. तुमच्याकडेही असं होतंय का, हे पासबुकावरून लगेच कळतं: बचत खात्यातून पैसे काढल्याच्या नोंदी दर वर्षी त्याच-त्याच महिन्यांत दिसत असतील, तर ती बचत नाही, आधीच ठरलेल्या बिलांचे पैसे आहेत.

मग हे ६ हजार आणायचे कुठून? माझं मत स्पष्ट आहे, हौसेतून. हौस १८ वरून १२ हजारांवर येते, बचत १२ च राहते. वाटणी होते ६०-२०-२०. भाचीला आधी ते पटेना, "मग ५०-३०-२० राहिलंच कुठे?" पण ते आकडे आरंभासाठी आहेत, आपलं घर त्यात कोंबण्यासाठी नाहीत. गरजा ६० टक्के असतील तर ६० लिहावं. ५० दिसावेत म्हणून फी गाळली, तर तिचा महिना यायचा थांबत नाही.

हे ६ हजार वेगळ्या खात्यात ठेवायचे, आणि इथे आणखी एक खाचखळगा आहे, जो आम्हाला पहिल्या वर्षी कळला नाही. फी तिसऱ्या महिन्यात येते. तोवर खात्यात जमतात १८ हजार, लागतात ४२. कमी पडतात २४ हजार. आम्ही ते बचतीतून उसने घेतले, वहीत पेन्सिलने "उसने" असं लिहिलं, आणि वर्षअखेरीस फेडून ती नोंद खोडलीसुद्धा. पुढच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेवढेच कमी! कारण फेड झाली तेव्हा खातं शून्यावर आलं होतं.

त्यावर उपाय असा: पहिल्या दोन महिन्यांची बचत, म्हणजे तेच २४ हजार, या खात्यात कायमची टाकायची आणि परत मागायची नाही. मग फी भरल्यावर खातं शून्य होतं. आठव्या महिन्यात आरोग्य विमा भरल्यावर १२ हजार उरतात, अकराव्यात गाडीचा खर्च भागल्यावर १८, आणि बाराव्या महिन्यात पुन्हा २४. पुढचं वर्ष न अडखळता सुरू होतं. फी वाढली की महिन्याची रक्कम तेवढी वाढवायची आणि सुरुवातीच्या रकमेचा हिशेबही पुन्हा मांडायचा.

भाचीने आता टक्केवारीच्या आधी एक नवी स्लाइड घातली आहे: बारा महिन्यांचे बारा चौकोन, ज्या महिन्यात मोठं बिल येतं तो रंगवायचा. पाचवी स्लाइड खोडून ६०-२०-२० ची केली आहे. कॅरोसेल आठ स्लाइड्सचं झालं, आज रात्री टाकणार आहे.