दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा

सोसायटीसाठी ओला-सुका कचऱ्याचा ॲनिमेशन व्हिडिओ केला त्याबद्दल लिहायचंच होतं, कारण माझा पहिला व्हिडिओ फसला आणि तो का फसला हे मला खाली खताच्या खड्ड्यापाशी उभं राहिल्यावर कळलं.

पहिला अडीच मिनिटांचा होता. हिरवा डबा ओल्याचा, निळा सुक्याचा, लाल डायपर-पॅडचा, डब्यांना डोळे-तोंड वगैरे. ग्रुपवर भरपूर अंगठे आले. पण पुढच्या आठवड्यात खत चाळणाऱ्या मावशींनी तळहातावर दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे दाखवले, नखाएवढे, त्रिकोणी. म्हणाल्या, "पिशवी सुक्यातच टाकतात ओ सगळे, पण हे कोपरे देठांबरोबर येतात, चाळणीतून पण खाली पडतात." म्हणजे रंग सगळ्यांना पाठच होते, चूक होत होती ती सकाळी ओट्यावर, घाईत कात्री चालवताना.

म्हणून दुसऱ्यात फक्त एका घराचा एक दिवस घेतला, ४५ सेकंद, आणि त्यातले १२ एकट्या पिशवीला दिले. कात्री मधेच थांबते, कोपरा पिशवीला लटकत राहतो, दूध ओतून झालं की पिशवीत थोडं पाणी घालून खळखळवायचं, नळावर उलटी टाकायची आणि संध्याकाळी सुकली की निळ्यात. विसळायचं का, तर उरलेल्या दुधाने आख्ख्या डब्याला वास येतो आणि सोबतची रद्दी भिजून वाया जाते.

चित्रात अख्खं स्वयंपाकघर राखाडी ठेवलं, रंग फक्त डब्यांना. वस्तू डब्यात पडायच्या आधी एक सेकंद तशीच थांबते, तेवढ्यात बघणारा मनात उत्तर देतो, आणि माझ्या मते अख्ख्या व्हिडिओतला तोच सेकंद सगळ्यात कामाचा आहे. बोलणं ठेवलंच नाही, बरेच जण फोन सायलेंटवर ठेवूनच बघतात. एका काकांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही, म्हणून हिरव्यावर पान, निळ्यावर बाटली आणि लालवर मोठा ठिपका काढला. तो ठिपका पुण्यातल्या 'स्वच्छ'च्या कचरावेचकांच्या मोहिमेतला, पॅड-डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेगळं करणाऱ्या बाईला पुडी उघडून बघावी लागत नाही.

कोपरे बरेच कमी झाले पण बंद नाही झाले. मावशींबरोबर दोन सकाळी जिन्याने फिरले तेव्हा लक्षात आलं की कितीतरी घरी पिशवी कापतात त्या स्वयंपाकाच्या ताई, आणि त्या आपल्या ग्रुपवर नाहीतच! आता व्हिडिओतली तीन चित्रं, अर्धवट कापलेली पिशवी, नळावर उलटी पिशवी आणि निळा डबा, छापून घेतलीयेत. ओट्याच्या टाइल्सवर चिकटवायची आहेत, ज्यांना हवीत त्यांनी फ्लॅट नंबर टाका, रविवारी आणून देते.